देवाला हात आहेत का, असं विचारणाऱ्यांसाठी

वणीत रंगनाथस्वामींच्या जत्रेतलं भांडण मिटायला एक रात्र पुरते. मोबाईलवरचं धर्माचं भांडण मात्र वर्षभर चालू असतं. त्यातला एक हुकमी स्क्रीनशॉट माझ्याकडे दर दोन महिन्यांनी फिरून येतो. कुरआनातली एक ओळ, तिचं कुणीतरी केलेलं मराठी, त्यात ‘हात’ या शब्दाखाली लाल रेघ, आणि वर प्रश्न: निराकार म्हणता ना? मग हे काय? खाली दोन प्रकारची माणसं जमतात. एक हसणारी, दुसरी घाईघाईने ‘अहो, तो अलंकार आहे’ म्हणून मोकळी होणारी. माझं भांडण दोघांशी आहे.

हा प्रश्न तुम्ही शोधून काढलेला नाही. तो त्या ग्रंथातच नोंदवलेला आहे. तिसऱ्या सूरहची सातवी आयत सांगते की या ग्रंथात काही आयती मुहकम आहेत, म्हणजे पक्क्या, एकच अर्थ देणाऱ्या, आणि त्याच ग्रंथाचं मूळ आहेत. बाकीच्या मुतशाबिह, एकाहून जास्त अर्थांकडे झुकणाऱ्या. ज्यांच्या मनात वाकडेपणा आहे ते दुसऱ्या प्रकारच्या आयतींच्या मागे लागतात, असंही तिथेच म्हटलंय. पुढे येतं की त्यांचा खरा अर्थ अल्लाहलाच ठाऊक. आणि इथेच गंमत आहे. लगेच ‘ज्ञानात मुरलेले लोक’ हे शब्द येतात. वाक्य ‘अल्लाह’वर थांबवलं तर अर्थ फक्त त्याला कळतो, आणि ज्ञानी लोक ‘आम्ही मानतो’ एवढंच म्हणतात. न थांबता पुढे वाचलं तर ज्ञान्यांनाही कळतो. भारतात छापलेल्या प्रती उघडून बघा, त्या जागी अक्षरावर लहानसा मीम दिसेल. इथे थांबलंच पाहिजे, अशी ती खूण. जुन्या हस्तलिखितांत अशा खुणा नव्हत्या. बहुसंख्य विद्वान थांबले. पण मुजाहिदसारख्या सुरुवातीच्या भाष्यकाराच्या नावावर न थांबता वाचण्याचं मतही सांगितलं जातं. पुढच्या कित्येक शतकांचा वाद या एका श्वासावर उभा आहे.

आता लाल रेघेकडे येऊ. पाचव्या सूरहच्या चौसष्टाव्या आयतीत काही लोक अल्लाहचा हात बांधलेला आहे असं म्हणतात, आणि उत्तर येतं की त्याचे दोन्ही हात पसरलेले आहेत, तो हवं तसं देतो. हे वाचून ज्याला खांद्यापासून बोटांपर्यंतचा हात दिसतो, त्याने आपल्या आजीला विचारावं. ‘त्याने लग्नात हात आखडता घेतला’ म्हणजे काय? ‘सढळ हाताने वाढलं’ म्हणजे काय? आजी हाताचं माप सांगणार नाही. अरबीतही तसंच आहे, आणि त्याचा पुरावा बाहेर शोधावा लागत नाही. सतराव्या सूरहच्या एकोणतिसाव्या आयतीत माणसांनाच सांगितलंय की हात मानेला बांधून ठेवू नका आणि अगदी मोकळाही सोडू नका. विषय खर्चाचा आहे. तिथे कुणी खरोखर मानेला हात बांधत नाही. एका आयतीवर दुसरी धरून वाचायची ती अशी. हा अलंकार शोधणं नव्हे, भाषा येणं आहे.

इथे दुसऱ्या गटाची कॉलर ताठ होते. थांबा. अडतिसाव्या सूरहची पंच्याहत्तरावी आयत घ्या. इब्लीस आदमपुढे झुकत नाही, तेव्हा त्याला विचारलं जातं की ज्याला मी माझ्या दोन हातांनी घडवलं त्याला नमन करायला तुला कशाने अडवलं? आता ‘हात म्हणजे दानशूरपणा’ चालत नाही. ‘हात म्हणजे सामर्थ्य’ म्हणावं, तर सामर्थ्याने इब्लीसलाही घडवलंच होतं. मग आदमचा मोठेपणा कसला? आणि दोनच का? मुअतझिलांच्या गटातून बाहेर पडलेल्या अबुल हसन अशअरींनी (मृत्यू 936) जुन्या साथीदारांना नेमकं इथेच पकडलं. त्यांचं उत्तर असं की दोन हात मान्य करा, पण ‘कसे’ विचारू नका, कारण त्याच्यासारखं काहीच नाही हे बेचाळिसाव्या सूरहच्या अकराव्या आयतीत स्पष्ट आहे. म्हणजे शब्द सोडायचा नाही आणि चित्रही काढायचं नाही. त्याआधी मदीनेचे इमाम मालिक (मृत्यू 795) यांना सिंहासनाबद्दल कुणी असंच विचारलं, तेव्हा त्यांनीही शब्दाचा अर्थ माहीत आहे, प्रकार माहीत नाही, अशा आशयाचं सांगून त्या माणसाला उठवलं होतं.

मुअतझिलाही काही गप्प बसणारे नव्हते. त्यांच्यातला भाषेचा सगळ्यात तरबेज माणूस झमख्शरी (मृत्यू 1144). त्याचं म्हणणं असं की माणूस बहुतेक कामं हातांनीच करतो, म्हणून ‘तुझ्या हातांनी केलं’ हे ज्यात हाताचा संबंधच नाही त्यालाही लागू होतं. ‘या पोराला मी माझ्या हातांनी वाढवलं’ असं आपण म्हणतो तेव्हा तेच असतं: मधे कुणी नाही, मी स्वतः. मला हे पटतं. पण छत्तिसाव्या सूरहच्या एकाहत्तराव्या आयतीत गुरंसुद्धा ‘आमच्या हातांनी’ केलेली आहेत. मग आदमचं वेगळेपण पुन्हा निसटतं. तिथे ‘हात’ अनेकवचनी, इथे द्विवचनी, असा फरक काढता येतो आणि लोकांनी काढलाही. ओझं मात्र कुणाच्याच पाठीवरून पूर्ण उतरत नाही.

म्हणून मला इमामुल हरमैन जुवैनी (मृत्यू 1085) आवडतात. अशअरींच्याच परंपरेतले. आपल्या आधीच्या ग्रंथात त्यांनी हाताचा अर्थ सामर्थ्य असा लावला. नंतरच्या, निझामुल मुल्कच्या नावाने लिहिलेल्या पुस्तकात मात्र अर्थ न लावता सोपवून देण्याची जुनी वाट धरली. त्यांचे शिष्य गझाली यांनी तर सामान्य माणसाला या वादापासून लगाम घालून दूर ठेवावं म्हणून एक अख्खं पुस्तक लिहिलं. तो सल्ला मला मानवत नाही. आज लगाम कुणाच्याच तोंडात नाही आणि स्क्रीनशॉट सगळ्यांच्या हातात आहे.

हे सगळं दूरच्या बगदादचं, असं वाटत असेल तर माहीमला या. ज्यांच्या उरुसाला मुंबई पोलीस मानाने चादर नेतात, ते मखदूम अली माहिमी (1372–1431) कुरआनाचे भाष्यकार होते. त्यांचं अरबी भाष्य एका गोष्टीसाठी ओळखलं जातं: एक आयत पुढच्या आयतीशी कशी जोडलेली आहे ते दाखवण्यासाठी. कापलेल्या ओळीच्या बरोबर उलट. उरुसाला लाखो जातात, त्या भाष्याचं नाव किती जणांना सांगता येईल?

आणि उपनिषदवाल्या मित्रांनी फार हसू नये. छांदोग्यात सूर्यात सोनेरी दाढीचा, नखांपर्यंत सोन्याचा पुरुष दिसतो. शंकराचार्यांना ब्रह्मसूत्रभाष्यात त्याची सोय लावावीच लागली: साधकावर कृपा म्हणून ईश्वर मायेने रूप घेतो. एकेका शब्दाशी ही झटापट दोन्हीकडे झालीय.

राहिला मराठी अनुवाद. सिंहासनाच्या आयतीतला ‘इस्तवा’ हा शब्द ‘बसला’, ‘आरूढ झाला’ किंवा ‘विराजमान झाला’ असा करता येईल. यातला प्रत्येक शब्द एक बाजू घेतो. ‘बसला’मध्ये गुडघे आले, ‘आरूढ’मध्ये घोडा आला, ‘विराजमान’मध्ये गणपती आला. अनुवादकाने एक निवडावा, त्याला पर्याय नाही. पण पानाच्या तळाशी दोन ओळी हव्यात, की इथे अरबी शब्द अमुक आहे, काहींनी याचा अर्थ सत्ता असा केला आणि काहींनी अर्थ न करता तसाच ठेवला. त्या दोन ओळी स्क्रीनशॉटमध्ये येत नाहीत. कापणारा बरोबर त्यांच्या वर कापतो.