ठेव सोन्याची, व्याज ग्रॅमचे. मोल कोणत्या दिवसाचे?

केंद्र सरकारने सुवर्ण मुद्रीकरण योजनेतील मध्यम व दीर्घ मुदतीच्या नव्या ठेवी 26 मार्च 2025 पासून बंद केल्या. एक ते तीन वर्षांच्या अल्पमुदतीच्या ठेवी स्वीकारायच्या की नाही, हे आता बँकांच्या मर्जीवर आहे. जुन्या ठेवी मुदतपूर्तीपर्यंत चालू राहणार असल्याने व्याज कशात मोजले जाते आणि परतफेडीच्या वेळी मोल कसे ठरते, हा प्रश्न गोमंतकीय ठेवीदारांसाठीही शिळा झालेला नाही.

बँक दागिना ठेवून घेत नाही, त्यातील शुद्ध सोने खात्यावर जमा करते. समजा, एका कुटुंबाने जुन्या पाटल्या आणि मोहनमाळ मिळून 120 ग्रॅम वजनाचे दागिने दिले. चाचणी केंद्रात प्रथम क्ष-किरण यंत्राने शुद्धतेचा अंदाज घेतला जातो. तो न पटल्यास दागिने जसेच्या तसे परत नेता येतात. तो मान्य केल्यावर खडे, लाख, मळ काढला जातो आणि सोने वितळवून अंतिम चाचणी होते. या कुटुंबाचे 112 ग्रॅम सोने उरले व जुन्या डाकामुळे त्याची शुद्धता 88.8 टक्के भरली, तर 995 शुद्धतेच्या हिशेबाने खात्यावर सुमारे 100 ग्रॅम जमा होतील. ही 20 ग्रॅमची तफावत हिशेबातील लबाडी नव्हे, कारण ते वजन मुळात सोन्याचे नव्हतेच. व्याजही त्याच दिवशी सुरू होत नाही. सोन्याचे शुद्ध लगडीत रूपांतर झाल्यापासून किंवा सोने दिल्यानंतर 30 दिवसांनी, यांपैकी जे आधी घडेल तेव्हापासून ते लागू होते.

2015 मध्ये योजना जाहीर झाली, तेव्हा अल्पमुदतीच्या ठेवीचे मुद्दल आणि व्याज दोन्ही सोन्यात मोजले जातील, असे ठरले होते. वार्षिक 0.6 टक्के सरळ व्याज धरल्यास 100 ग्रॅमवर तीन वर्षांत 1.8 ग्रॅम जमा होतात. ठेवीच्या दिवशी भाव ग्रॅमला 6,000 रुपये आणि परतफेडीच्या दिवशी 9,000 रुपये असेल, तर या व्याजाचे मोल 16,200 रुपये होते. तेच व्याज ठेवीच्या दिवसाच्या मूल्यावर रुपयांत ठरले असते, तर हाती 10,800 रुपयेच आले असते. भाव 5,000 रुपयांवर घसरला, तर चित्र उलटते आणि ग्रॅमच्या व्याजाचे 9,000 रुपयेच होतात.

मध्यम मुदतीचे 2.25 आणि दीर्घ मुदतीचे 2.50 टक्के व्याज दिसायला मोठे आहे. मात्र ते ठेवीच्या दिवसाच्या मूल्यावर रुपयांत दिले जाते. परतफेडीच्या दिवसाच्या भावाने फक्त मुद्दल मोजले जाते. एकाच ठेवीला अशा दोन तारखांचे दोन भाव लागतात. म्हणून व्याजदर पाहण्याआधी प्रमाणपत्रावर व्याज ग्रॅममध्ये लिहिले आहे की रुपयांत, हे वाचले पाहिजे.

परतफेडीचा भाव सराफाच्या पाटीवरून ठरत नाही. लंडनमधील सकाळचा डॉलरमधील भाव रुपया-डॉलर संदर्भ दराने रुपयांत आणून त्यात प्रचलित आयात शुल्क मिळवले जाते. त्यामुळे जागतिक भाव आणि रुपया दोन्ही स्थिर असतानाही केवळ शुल्क बदलल्याने ठेवीदाराचे मोल बदलू शकते. जुलै 2024 मध्ये हे शुल्क 15 वरून 6 टक्क्यांवर आले, तेव्हा रोख परतफेडीचा हिशेब त्या प्रमाणात खाली आला. सोन्यात परतफेड घेणाऱ्याच्या ग्रॅमला मात्र त्याची झळ लागली नाही. अर्थात तिथेही जो अंश नाणे वा लगडीच्या प्रमाणित वजनात बसत नाही, तो रोखीनेच मिळतो. वरील 101.8 ग्रॅमपैकी 101 ग्रॅम सोने मिळाले, तर उरलेल्या 0.8 ग्रॅमचे 9,000 रुपये भावाने 7,200 रुपये होतील.

खरा तोटा मात्र या आकड्यांच्या बाहेर आहे. रोख घेऊन पुन्हा सोने विकत घ्यायचे, तर 3 टक्के वस्तू व सेवा कर द्यावा लागतो. तीन वर्षांचे 1.8 टक्के व्याज तिथेच संपते. दागिना घडवायचा तर घडणावळ निराळी. आणि वितळलेली आजीची पाटली परत येत नाही ती नाहीच. तुटलेले डाग, एकेकटी कुडी, कपाटात पडून असलेली नाणी यांच्यासाठी ही ठेव हिशेबात बसू शकते. अंगावर घालायच्या दागिन्यासाठी ती मोडच ठरते, एवढे ओळखूनच चाचणी केंद्रातील संमतीपत्रावर सही करणे श्रेयस्कर.