रात्रीचे २,४०० व्ह्यूज तिसऱ्या दिवशी २,०५० का होतात?

समजा, धाड येथील एका यूट्यूब चॅनलने आठवडी बाजाराच्या भावाचा व्हिडिओ सायंकाळी टाकला. रात्री स्टुडिओ ॲपमधील Realtime या चौकटीत २,४०० व्ह्यूज दिसले. त्याचा स्क्रीनशॉट पाहून कृषी केंद्राने प्रति व्ह्यू ५० पैसे, म्हणजे १,२०० रुपयांची जाहिरात ठरवली. तिसऱ्या दिवशी त्याच काळाचा आकडा निघाला २,०५०. हिशेबात १७५ रुपयांचा फरक पडला. व्ह्यूज चोरीला गेले का? नाही.

दोन आकडे, दोन कामे

Realtime मध्ये मागील ४८ तासांचे आणि ६० मिनिटांचे व्ह्यूज दिसतात. यूट्यूब स्वतःच त्यांना अंदाज म्हणते. व्हिडिओ चालतोय की नाही, हे लगेच कळावे एवढाच त्याचा हेतू. अंतिम आकडा पडताळणीनंतर ठरतो. पाहणारा खरा माणूस होता का, व्हिडिओ त्याने स्वतःहून लावला का, हे तपासून यंत्राने किंवा सॉफ्टवेअरने वाढवलेले व्ह्यूज वगळले जातात. एकाच फोनवर पुन्हा पुन्हा रिफ्रेश करून वाढवलेले व्ह्यूजही यात गळू शकतात.

ही चाळणी जुनीच आहे. पूर्वी अनेक व्हिडिओंचा आकडा ‘३०१+’ वर अडकून राहत असे. पडताळणी होईपर्यंत मोजणी थांबवण्याची ती पद्धत यूट्यूबने २०१५ मध्ये बंद केली. आज आकडा ‘३०१+’ वर अडकत नाही, पण पडताळणीदरम्यान तो काही काळ थांबू शकतो आणि नंतर दुरुस्त होतो.

फरक किती असेल तर सावध व्हावे?

थोडाफार फरक नेहमीचाच. मोठी घट झाली, तर Analytics मध्ये व्ह्यूज कुठून आले आणि सरासरी किती वेळ पाहिले गेले, हे दोन रकाने एकत्र पाहावेत. एकाच अनोळखी स्रोतातून एकदम गर्दी आली आणि लोक काही सेकंदांतच निघून गेले, तर ते व्ह्यूज विकत घेतलेले किंवा कृत्रिम असण्याची शक्यता मोठी. मात्र फसव्या मथळ्यामुळेही प्रेक्षक लवकर निघून जातात, त्यामुळे हा पुरावा नव्हे, इशारा आहे.

शॉर्ट्सचा हिशेब आणखी वेगळा. ३१ मार्च २०२५ पासून शॉर्ट सुरू झाला की व्ह्यू धरला जातो, किमान वेळेची अट नाही. कमाईसाठी मात्र Engaged views हाच आकडा ग्राह्य धरतात.

पैशांचा हिशेब कधी करावा?

स्टुडिओत दिसणारी कमाईही आधी अंदाजितच असते. अंतिम रक्कम पुढच्या महिन्याच्या ७ ते १२ तारखेदरम्यान ॲडसेन्समध्ये दिसते. स्थानिक जाहिरातीतही तोच नियम ठेवता येतो. व्यवहार ठरवतानाच ‘सात दिवसांचे व्ह्यूज, दहाव्या दिवशी Analytics मधून’ असे लिहून घ्यावे. मग रात्रीच्या स्क्रीनशॉटवरून वाद होणार नाही.