लसीनंतर त्रास झाला, पण लसीमुळेच का?

जानेवारी २०२२ मध्ये बेळगाव जिल्ह्यातील रामदुर्ग तालुक्यात गोवर-रुबेला लस दिल्यानंतर तीन बालके दगावली. लस वाईट होती, असा निष्कर्ष गावात लगेच निघाला. चौकशीत मात्र वेगळेच समोर आले. लसीच्या कुप्या आरोग्य केंद्राच्या शीतपेटीऐवजी हॉटेलच्या फ्रिजमध्ये ठेवल्याचे आढळले आणि कर्मचाऱ्यांवर निलंबनाची कारवाई झाली.

लसीनंतरच्या त्रासाची कारणे पाच गटांत पाहतात : लसीचा स्वतःचा परिणाम, उत्पादनातील दोष, देण्यातील चूक, सुईच्या भीतीने येणारी भोवळ आणि निव्वळ योगायोग. रामदुर्गसारख्या घटनेत यांतले कोणते, हे कसे ठरते?

पहिला धागा वेळेचा. ही लस जिवंत, पण क्षीण केलेल्या विषाणूंची असते. तिचा ताप किंवा पुरळ साधारण पाच ते बारा दिवसांनी येतो. काही तासांतच जोराचा ताप, उलट्या, जुलाब सुरू झाले तर संशय जंतुसंसर्गावर जातो. लसीची भुकटी द्रावणात मिसळली की ती चार तासांतच वापरावी लागते. तिच्यात जंतुरोधक नसतो. उघडी कुपी दुसऱ्या दिवशी वापरली, तर तोवर तिच्यात जंतू वाढून विष तयार झालेले असू शकते.

दुसरा धागा इतर मुलांचा. त्याच बॅचची लस इतर गावांतही गेलेली असते. तिथेही मुले आजारी पडली तर बोट कारखान्याकडे वळते. एकाच सत्रातली मुले आजारी पडली तर चूक त्या सत्रातच शोधावी लागते. लस न घेतलेली मुलेही तशीच आजारी असतील, तर योगायोगाची शक्यता वाढते. म्हणूनच वापरलेल्या कुप्या लगेच फेकत नाहीत. मृत्यू झाला असेल तर शवविच्छेदन फार मोलाचे. नातेवाईक ते नाकारतात, हे समजण्यासारखे आहे. पण मग बरीच प्रकरणे ‘अनिश्चित’ किंवा ‘वर्गीकरण अशक्य’ या रकान्यात जातात.

ही समिती लसीला सरसकट निर्दोष ठरवते, हा आरोपही तपासून पाहावा. २०२१ मध्ये केंद्रीय समितीने कोविड लसीनंतरच्या ३१ गंभीर प्रकरणांची छाननी केली. १८ योगायोगाची निघाली, पण तीन लसीशी संबंधित ठरली. त्यांत तीव्र ॲलर्जीने झालेला एक मृत्यू होता.

अंबड तालुक्यातील अंकुशनगरसारख्या साखर कारखान्याच्या परिसरात अडचण आणखी वेगळी. ऊसतोड कामगारांचे बाळ लस एका गावात घेते आणि त्रास दुसऱ्या मुक्कामी होतो. अशा वेळी लसीकरण कार्डावरची तारीख आणि ठिकाण हाच तपासाचा पहिला दुवा. गंभीर त्रास झाल्यास आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना लगेच सांगावे. त्यांनी २४ तासांत जालन्याच्या जिल्हा लसीकरण अधिकाऱ्यांना कळवणे अपेक्षित असते. लस कुठे घेतली, याने नोंद अडत नाही.