सहावा दगड

या गोष्टीतल्या मुलाला आपण सम्यक म्हणू. इयत्ता चौथीतला हा मुलगा अभ्यासात चोख होता. तीसपर्यंतचे पाढे त्याला तोंडपाठ होते आणि सुटीच्या दिवशी आजोबांच्या किराणा दुकानात तो साबणाच्या वड्यांची चळत अशी रचून देई की एक वडी इकडची तिकडे होत नसे. मात्र मंगळवार आणि शुक्रवार उजाडला की त्याच्या पोटात दुखू लागे. त्या दोन दिवशी खेळाचा तास असतो, ही गोष्ट आईच्या ध्यानात यायला दिवाळीची सुटी संपावी लागली.

सम्यकला चेंडूचे भय होते. सहाव्या वर्षी इमारतीच्या आवारात मोठी मुले खेळत असताना एक चेंडू त्याच्या नाकावर बसला होता आणि रक्त आले होते. नाक दोन दिवसांत बरे झाले, पण भीती मागे राहिली. वर्गात लगोरीचा डाव मांडला की तो मुलांच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळत कडेला बसे. मुलांनी त्याला ‘बाटलीवाला’ म्हणायला सुरुवात केली होती. दुकानात माळ्यावरचा माणूस खाली गल्ल्यापाशी चहाचे पुडे फेकू लागला, तरी हा पायरीवर जाऊन उभा राहत असे.

भय घालवण्यासाठी त्याच्या काकांनी घरोघरी होतो तोच उपाय केला. “अरे, चेंडूच आहे, वाघ नव्हे,” असे म्हणून त्यांनी गच्चीवर त्याला एकामागून एक दहा चेंडू टाकले. त्यांपैकी त्याला एकही झेलता आला नाही आणि चार अंगाला लागले. काकांचा हेतू प्रेमाचाच होता. तरीही त्या दिवसानंतर सम्यक गच्चीवर जाईनासा झाला.

दिवाळीनंतर आईने वर्गशिक्षिकेची भेट घेतली. बाईंनी उपदेश केला नाही. आधी फक्त पाहिले. मधल्या सुटीत त्या त्याच्याकडे हलकेच चेंडू टाकीत आणि चेंडूकडे न पाहता त्याच्या तोंडाकडे पाहत. त्यांना तीन गोष्टी दिसल्या. चेंडू अर्ध्या वाटेवर असतानाच त्याचे डोळे मिटत. मान एका बाजूला वळे. आणि हात कोपरात न वाकता काठीसारखे पुढे येत, त्यामुळे चेंडू तळव्यात न पडता बोटांच्या टोकांवर आदळे. बोटे झिणझिणत आणि चेंडू लागतो ही त्याची खात्री आणखी पक्की होई. डोळ्यांकडे वेगाने काही आले की पापणी आपोआप मिटते. ते शरीराचे संरक्षण आहे, हुकमाने थांबत नाही. सम्यकच्या भीतीने ती पापणी फार लवकर मिटवली होती, इतकेच. चेंडू लागत होता, कारण तो दिसतच नव्हता.

बाईंनी आईला प्रथम मुलाची नजर तपासून घ्यायला सांगितले. हे फार शहाणपणाचे होते. एका डोळ्याला कमी दिसत असेल तर चेंडू किती लांब आहे याचा अंदाज चुकतो आणि आपण त्यालाच भित्रेपणा समजून बसतो. सम्यकची नजर ठीक निघाली.

मग घरी रोज दहा मिनिटे सुरू झाली. पहिला आठवडा चेंडू नव्हताच, फुगा होता. फुगा सावकाश खाली येतो. त्याच्याकडे शेवटपर्यंत पाहायला वेळ मिळतो आणि तो तोंडावर आला तरी दुखत नाही. त्यानंतर मोज्यांची घट्ट गुंडाळी करून शिवलेला चेंडू आला. तो आधी बसून जमिनीवरून घरंगळत द्यायचा, नंतर तीन पावलांवरून खालच्या हाताने टाकायचा. आईने त्याच्या चारी बाजूंना रंगीत दोऱ्याने आकडे शिवले होते. झेलताना सम्यकने समोर आलेला आकडा मोठ्याने सांगायचा. यातली खुबी लक्षात घ्यावी: ‘डोळे उघडे ठेव’ असे सांगितले की मुलाचे लक्ष भीतीकडेच जाते, आणि आकडा वाचायला सांगितला की डोळे त्या कामात गुंततात.

हातांचेही शिक्षण झाले. छातीच्या वर येणाऱ्या चेंडूला बोटे आकाशाकडे आणि अंगठे जवळ. खाली येणाऱ्याला बोटे जमिनीकडे आणि करंगळ्या जवळ. कोपरे सैल, आणि चेंडू हातात येताच हात पोटाशी ओढून घ्यायचे, म्हणजे त्याचा जोर जिरतो.

आजोबांनी याची रीतसर वही ठेवली. दहापैकी आठ झेल उघड्या डोळ्यांनी आले तरच पुढच्या दिवशी अंतर एका पावलाने वाढे. चौथ्या आठवड्यात मोज्यांच्या जागी रबरी चेंडू आला आणि आकडा एकदम आठावरून दोनावर घसरला. डोळे पुन्हा मिटू लागले. आई खचली. आजोबा म्हणाले, “भाव उतरला म्हणून कोणी दुकान बंद करत नाही. जुना माल पुन्हा काढ.” मोज्यांचा चेंडू चार दिवस परत आला. त्यानंतर रबरी चेंडू एक टप्पा देऊन टाकायला सुरुवात झाली. टप्पा पडला की वेग कमी होतो आणि चेंडू उसळून पुन्हा नजरेसमोर येतो. आठवड्याभरात वहीत सात आला, मग आठ. त्याच सुमारास एका रविवारी माळ्यावरून चहाचा पाव किलोचा पुडा खाली आला, तो सम्यकने झेलला आणि काही न बोलता फळीवर ठेवला.

वर्गात बाईंनी आणखी एक गोष्ट केली. सम्यकसाठी वेगळा मऊ चेंडू आणला असता तर सगळ्या वर्गाला कारण कळले असते. म्हणून महिनाभर अख्ख्या वर्गाची लगोरी कापडी चेंडूने खेळवली गेली. चेंडू डोक्यावर मारला तर मारणाराच बाद, हा नियम सर्वांना लागू झाला. पहिले दोन आठवडे सम्यककडे मागे घरंगळत आलेले चेंडू अडवण्याचे काम होते. बाटल्या आता भिंतीशी नुसत्याच ठेवलेल्या असत.

पौषातल्या एका शुक्रवारी रबरी चेंडू परत आला. सम्यकच्या बाजूने 7 दगडांची चळत पाडली आणि मुले पांगली. विरुद्ध बाजूचे गडी चेंडू घेऊन धावत असताना चळत परत रचायची, हा लगोरीतला अवघड भाग. पाठ त्यांच्याकडे करून वाकावे लागते. कोणी पुढे होईना. सम्यक गेला. पहिला, दुसरा, तिसरा दगड त्याने साबणाच्या वड्यांसारखा सरळ बसवला. एक चेंडू आला. त्याने मान वर करून तो येताना पाहिला, अंग बाजूला घेतले आणि चौथा, पाचवा ठेवला. सहावा दगड वाकडा बसला. तो सारखा करीत असताना दुसरा चेंडू त्याच्या खांद्यावर बसला आणि तो बाद झाला.

तो खांदा चोळत रिंगणाबाहेर आला. मुले काहीतरी ओरडत होती; त्यात ‘बाटलीवाला’ कोणी म्हणाले नाही. बाईंनी विचारले, “लागले का रे?”

“थोडे,” तो म्हणाला. “बाई, पुढच्या डावात तो सहावा दगड बदलू या का? तो खालून गोल आहे.”