वाचनालयाच्या उद्घाटनात मी कांद्यावर का बोललो?



मागच्या आठवड्यात नाशिक जिल्ह्यातल्या एका छोट्या गावात वाचनालयाचं उद्घाटन होतं. दोन खोल्या, चार कपाटं आणि मधोमध पेपर वाचायचं लांब टेबल. मला दहा मिनिटं दिली होती आणि विषय होता 'रोज वृत्तपत्र वाचा, सामान्य ज्ञान वाढवा'. व्हिडिओत सगळं भाषण आलं नाही, आवाजही नीट नव्हता. म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

आपल्याकडे सामान्य ज्ञान म्हटलं की स्पर्धा परीक्षा आठवते. अमुक देशाची राजधानी, तमुक पुरस्कार कोणाला. ते वाईट नाही, पण धंदा करणाऱ्याला त्याने फार काही होत नाही. माझं मत असं की आख्खा पेपर वरवर चाळण्यापेक्षा आपल्या कामाची एकच बातमी वर्षभर धरून ठेवावी. नाशिक जिल्ह्यात उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही. कांदा आहेच.

टेबलावर देशदूत, गावकरी, सकाळ, लोकमत ठेवलेले होते. मी त्यातला बाजारभावाचा कोपरा उघडायला सांगितला. लासलगावच्या ओळीत आवक असते, मग किमान, कमाल आणि सरासरी भाव, आणि ते असतात क्विंटलचे. म्हणजे सरासरी १,५०० लिहिलंय तर किलोला १५ रुपये. नवखा माणूस कमाल भाव बघून घाबरतो किंवा हुरळतो. कमाल भाव एखाद्या उत्तम ट्रॅक्टरला मिळालेला असू शकतो. आपण सरासरी बघायची, आणि तिच्या शेजारी आवक. आवक कमी झाली आणि भावही खाली आला, तर समजायचं की माल कमी असूनही घेणारा थांबलाय. असं दिसलं की त्या दिवशी आतली बातमी शोधून वाचायचीच.

आता गेल्या काही वर्षांची कात्रणं एका ओळीत लावा. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने कांदा निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं आणि आपल्या जिल्ह्यात व्यापाऱ्यांनी लिलाव बंद ठेवले. डिसेंबर २०२३ मध्ये थेट निर्यातबंदी आली, ३१ मार्च २०२४ पर्यंत. मार्चमध्ये ती पुढे वाढवली. ४ मे २०२४ ला उठवली. सप्टेंबर २०२४ मध्ये शुल्क २० टक्क्यांवर आलं आणि १ एप्रिल २०२५ पासून तेही काढलं. ही कात्रणं एकेकटी वाचली तर नुसत्या घोषणा वाटतात. ओळीने वाचली की सरकारचा हात कळतो. शहरात कांदा महागायला लागला की बाहेर जाणारा माल अडवायचा, भाव उतरले आणि शेतकरी चिडला की सोडायचा. मग पुढची बातमी साधारण कुठल्या दिशेने येईल, याचा अंदाज यायला लागतो. मी तरी यालाच सामान्य ज्ञान म्हणतो.

४ मेची बातमी मी सभेत जरा ताणूनच सांगितली. मथळा होता निर्यातबंदी उठल्याचा. पण आत दोन अटी होत्या: टनाला किमान ५५० डॉलर निर्यातमूल्य आणि वर ४० टक्के शुल्क. हिशोब करून बघा. त्या वेळी डॉलर साधारण ८३ रुपयांना होता. ५५० गुणिले ८३ म्हणजे टनाला ४५,६५० रुपये, किलोला सुमारे ४६. त्यावर ४० टक्के शुल्क धरलं तर ६४ रुपयांच्या आसपास. म्हणजे दार उघडलं, पण उंबरठा उंच ठेवला. नुसता मथळा वाचणाऱ्याला वाटलं की सगळा कांदा आता दुबईला जाणार. तिसरा परिच्छेद वाचणाऱ्याला कळलं की भाव वाढतील, पण आकाशाला भिडणार नाहीत.

'सर, आपण कुठे निर्यात करतो?' असं एका ताईंनी विचारलं. बरोबर आहे, आपण नाही करत. पण समजा एखाद्या ताई बिर्याणीवाल्यांना तळलेला कांदा पुरवतात. एक किलो तयार मालाला तीन किलो कच्चा कांदा लागतो असं धरू. बंदीच्या काळात १५ रुपयाने कांदा घेतला, म्हणजे किलोमागे ४५ रुपयांचा कांदा. हॉटेलवाला म्हणाला, 'ताई, तीन महिने एकच रेट द्या, महिन्याला २०० किलो घेतो.' ताईंनी खुशीत होकार दिला. मग बंदी उठली आणि कांदा २५ वर गेला. आता किलोमागे ७५ रुपयांचा कांदा लागतो, म्हणजे ३० रुपये जास्त. २०० किलोला ६,००० रुपये, तीन महिन्यांत १८,०००. तेल, गॅस, मजुरी वेगळीच.

बंदी कधी उठणार हे कोणालाच आधी नक्की माहीत नसतं, पेपरवाल्यालाही नाही. पण बंदी चालू आहे एवढं ज्याला माहीत आहे, त्याला हेही माहीत असतं की आजचा १५ हा दाबलेला भाव आहे. तो एक तर रेट महिन्यापुरता देतो, किंवा कागदावर लिहून घेतो की कांदा अमुक भावाच्या वर गेला तर रेट बदलेल. बोलणी होतात तेव्हाच हे लिहायचं असतं. नंतर हॉटेलवाला ऐकत नाही, आणि त्याचंही काही चूक नाही.

इथे एक सावधगिरी सांगतो. पेपरात छापलेला भाव आधीच्या लिलावाचा असतो, आणि बाजार समितीला सुट्टी असली तर आणखी जुना. तो घाऊकही आहे. त्यात हमाली, वाहतूक, खराब निघणारा माल धरलेला नाही. शिवाय लाल कांदा आणि उन्हाळ कांदा वेगळे. उन्हाळ कांदा चाळीत टिकतो, पण पावसाळ्यात वजन घटतं आणि सड निघते. लाल कांदा फार टिकतच नाही. ओळीत कोणता कांदा लिहिलाय ते न बघता तुलना केली तर हिशोब फसतो. त्यामुळे पेपरातला भाव दिशा बघण्यासाठी वापरा, खरेदीच्या दिवशी मात्र फोन करून विचारा.

दुसरा कोपरा जाहीर नोटिसांचा. बारीक अक्षरं, कोणी वाचत नाही. एखादा गाळा किंवा प्लॉट विकला जाण्याआधी खरेदीदाराचा वकील नोटीस देतो की कोणाचा हक्क असेल तर ठरलेल्या दिवसांत हरकत घ्या. तुम्ही ज्या गाळ्यासाठी अनामत द्यायला निघालात, त्याचाच सर्व्हे नंबर तिथे दिसला तर थांबा आणि मालकाला विचारा. अर्थात नोटीस दिसली नाही म्हणजे कागद स्वच्छ आहेत असं नाही. सातबारा किंवा मालमत्ता पत्रक आणि दुय्यम निबंधकाकडची नोंद बघावीच लागते.

नाशिक शहरातलं सार्वजनिक वाचनालय १८४० पासून चालू आहे. तिथे जुने अंक चाळायची सवय असलेली माणसं मी पाहिली आहेत. छोट्या वाचनालयात मात्र महिना झाला की पेपर रद्दीत जातो. म्हणून मी तिथल्या समितीला एकच विनंती केली: बाजारभावाचं पान वर्षभर ठेवा, बाकी खुशाल विका. सचिव म्हणाले, 'सर, कापून चिकटवणार कोण?' मागच्या रांगेतून रसवंती चालवणाऱ्या एका मुलाने हात वर केला. त्याला कांद्याशी काही घेणं नव्हतं, त्याला लिंबाचा भाव लिहून ठेवायचा होता.