दंडाची पट्टी बरोबर, पण आहाराचा कागद कुणासाठी?

साथींनो, पेण-रोह्याच्या आपल्या वाड्यांवर नर्सिंग शिकणाऱ्या मुली येतात. एक कुपोषित पोर निवडायचं, तपासायचं, आहाराचा तक्ता लिहायचा आणि वही कॉलेजात द्यायची, हा त्यांचा अभ्यास. माझं म्हणणं आहे की त्यांची तपासणी आपण शिकून घ्यावी, पण तक्ता आपल्या चुलीपाशी बसून लिहायला लावावा.

आधी तपासणी. सहा महिने ते पाच वर्षांच्या पोराचा डावा दंड मोजतात. खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर खूण करायची, हात सरळ खाली सोडायचा आणि उघड्या दंडावर पट्टी लावायची. पट्टी आवळली तर चांगलं पोर लाल दिसतं, सैल धरली तर आजारी पोर हिरवं दिसतं. 11.5 सेंटिमीटरच्या खाली म्हणजे लाल, तीव्र कुपोषण. 11.5 ते 12.5 च्या आत म्हणजे पिवळं, मध्यम. मग दोन्ही पायांवर अंगठा तीन सेकंद दाबून बघायचं. खड्डा राहिला तर ती सूज आहे. सुजेच्या पाण्यानं वजन भरल्यासारखं वाटतं, म्हणून पट्टी काहीही सांगो, ते पोर त्याच दिवशी दवाखान्यात न्यायचं. पोर खातच नसेल, सगळं ओकत असेल किंवा मलूल पडलं असेल तरी तसंच.

आता रोह्याच्या एका कातकरी वाडीवरची 14 महिन्यांची पोर घेऊ. वजन 6 किलो 900 ग्रॅम, दंड 11.9, सूज नाय, भूक आहे. म्हणजे पिवळी. तिला घरीच सावरता येतं. शिकाऊ नर्सताईच्या वहीत आलं अर्धा लिटर दूध, पनीर, सफरचंद. त्या घरात दुभतं जनावर नाय. घरात आहे रेशनचा तांदूळ, दळीवरची नाचणी, थोडी डाळ, तेल, सुका जवळा आणि अंगणात दोन कोंबड्या, ज्यांची अंडी बाजारात जातात.

खरा घोटाळा पातळ पेजेचा आहे. एवढ्या पोरीच्या पोटात एका वेळी साधारण एक वाटीच मावते. ती वाटी पाण्यानं भरली तर पोट भरतं, अंग भरत नाय. म्हणून आंगावरचं दूध चालू ठेवून दिवसातून चार-पाच वेळा घट्ट खाणं पाहिजे. सकाळी नाचणीची घट्ट खीर. दुपारी आणि रात्री डाळीत कुस्करलेला मऊ भात, त्यात धुऊन, भाजून, कुटलेला चिमूटभर जवळा. मधे अंगणवाडीचा आहार आणि कोंबडीनं दिलं त्या दिवशी अंडं. दर मोठ्या जेवणात वरून एक चमचा तेल. त्या चमच्यात साधारण 45 कॅलरी असतात आणि वाटी मोठी होत नाय. घट्ट खीर गिळत नसेल तर पाणी घालू नका. नाचणीला मोड आणून, वाळवून दळलेलं चमचाभर पीठ गरम खिरीत ढवळा, मग एक उकळी द्या. खीर आपोआप सैल होते, ताकद तेवढीच राहते.

तक्त्यात आणखी एक रकाना पाहिजे: भरवणार कोण? आय-बाप कामावर गेले की पोरगी आठ वर्षांच्या बहिणीकडे असते. मंग दुपारची वाटी सकाळीच वेगळी झाकून ठेवायची का, की शेजारच्या आजीनं ताजी भरवायची? उन्हाळ्यात झाकलेला भात आंबतो आणि हगवण लागली की कमावलेलं वजन दोन दिवसांत जातं. म्हणून आजीचं नाव तक्त्यात लिहायचं.

दर आठवड्याला त्याच काट्यावर वजन करा. दीडशे ग्रॅमच्या आसपास वाढलं तर तक्ता चालतोय. दोन आठवडे काटा हलला नाय तर आयला बोल लावू नका. खाणं वाटलं जातंय का, ताप-खोकला आहे का, हे शोधा आणि डॉक्टरला दाखवा.

घरी नेण्याचं पाकीट चार भावंडांत वाटलं जातं, ते जाणारच. पण 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्यात कुपोषित पोराला साध्या लहान पोरापेक्षा जादा कॅलरीचा आहार आहे. पिवळ्या-लाल पोराला जादा मिळतंय का, हे सेविकाताईला विचारा. हा कायद्यानं दिलेला हक्क आहे.

आणि दिवाळीनंतर कुटुंब वीटभट्टीवर गेलं की नाव इथल्या रजिस्टरात आणि पोर तिकडे. म्हणून शिकाऊ ताईंना सांगायचं: वहीची एक नक्कल आयकडे द्या, एक सेविकाताईकडे. दंड, वजन आणि पुढची तारीख लिहिलेला तो कागद भट्टीजवळच्या अंगणवाडीत दाखवता येईल. मार्क तुम्हाला मिळोत, कागद वाडीवर राहू द्या.