गांडुळाने काय गुन्हा केला?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. माझी पाचवीत शिकणारी पुतणी शाळेच्या प्रकल्पासाठी वहिनींचा मोबाइल घेऊन बसली. विषय होता गांडूळ खत. तिने शोधाच्या चौकटीत 'गांडूळ खत कसे तयार करतात' असे नीट मराठीत लिहिले आणि पडदा लाल झाला. 'अयोग्य शब्द आढळला. पालकांना कळवण्यात आले आहे.' पोर घाबरली. आपल्या हातून काहीतरी घाण लिहिले गेले, एवढेच तिला कळले. तिने मोबाइल गुपचूप जागेवर ठेवला, मैत्रिणीच्या वहीतून प्रकल्प उतरवला आणि दोन दिवस घरात कोणाशी धड बोलली नाही.

दादाने ते राखणदार ॲप मोठ्या विश्वासाने टाकले होते. मी शाळेत संगणक शिकवण्यात बरीच वर्षे घालवली असल्याने पंचनाम्याचे काम माझ्याकडे आले. 'गांडूळ' चालत नाही म्हणून मी रोमन लिपीत 'gandul' लिहून पाहिले. तेही अडले. मग शंका आली म्हणून 'gandhi' लिहिले. महात्माजीही अडले! पाठोपाठ बालगंधर्व अडले आणि युगांडा हा अख्खा देशही अडला. वाचकांच्या लक्षात आलेच असेल. या सर्वांच्या पोटात तीच चार रोमन अक्षरे आहेत आणि ती ॲपच्या शिव्यांच्या यादीत होती.

देवनागरीतही तेच घडते. 'गांडूळ' हा शब्द संगणक ग, काना, अनुस्वार, ड, दीर्घ ऊकार आणि ळ अशा सुट्या चिन्हांच्या माळेने साठवतो. यादीतल्या शब्दाची चिन्हे या माळेत सुरुवातीलाच ओळीने सापडतात. तो शब्द इथेच संपतो की पुढे चालू राहतो, हे पाहण्याची तसदी या ॲपने घेतली नव्हती. हे दुखणे जुने आहे. १९९६ साली इंग्लंडमधल्या स्कन्थॉर्प गावच्या रहिवाशांना गावाच्या नावात एक शिवी दडलेली असल्यामुळे एका इंटरनेट सेवेत नोंदणी करता येईना. तेव्हापासून या दोषाला त्या गावाचेच नाव पडले आहे. मराठीला तो अधिक जाचतो, कारण अशा याद्या बनवणाऱ्याला शिव्या माहीत असतात, भाषा नसते.

बरे, अशी चाळणी निदान वाईट ते तरी अडवते का? दादासमोरच मी यादीतला एक शब्द मध्ये एक मोकळी जागा सोडून लिहिला. पडदा लाल झाला नाही. निरपराध्याला कोठडी आणि गुन्हेगाराला मोकळा रस्ता, असा तो न्याय होता. म्हणून मुलांच्या मोबाइलवर काही बसवण्याआधी एकच प्रश्न विचारावा: ही चाळणी नेमके काय पाहते? शब्द, पत्ता, की पानावरचा मजकूर?

शब्द पाहणारी चाळणी आपण पाहिली. दुसरी पत्ता पाहते. कोणतेही संकेतस्थळ उघडताना आपला मोबाइल आधी एका पत्तेवहीला विचारतो की, या नावाचे घर कुठे आहे? या पत्तेवहीला डीएनएस म्हणतात. काही संस्था कुटुंबांसाठी वेगळी पत्तेवही मोफत देतात. प्रौढांसाठीच्या स्थळांचे पत्ते ती सांगतच नाही. क्लीनब्राउझिंग या सेवेची कुटुंबवही त्यांतलीच एक. अँड्रॉइडच्या नवव्या आवृत्तीपासून पुढच्या मोबाइलमध्ये सेटिंगमध्ये Private DNS शोधावे आणि तिथे हे नाव लिहावे:

```
family-filter-dns.cleanbrowsing.org
```

घरच्या राउटरवर अशी चाळणी बसवणारे पुष्कळ असतात. पण मुलाने वायफाय बंद करून सिमकार्डाचा डेटा वापरला की राउटरचा संबंध संपतो. मोबाइलमध्येच लिहिलेली ही पत्तेवही मात्र डेटावरही लागू राहते. व्हीपीएन नावाचे ॲप टाकले तर तीही चुकवता येते, म्हणून मुलाच्या मोबाइलवर नवे ॲप घेण्याची परवानगी पालकांच्या हाती ठेवावी.

या चाळणीची मर्यादा मात्र ओळखायला हवी. तिला घराचे नाव दिसते, घरात काय चालले आहे ते दिसत नाही. मूल गूगलवर चित्रे शोधते तेव्हा त्या चित्रांच्या छोट्या प्रती गूगलच्याच पत्त्यांवरून येतात. ज्या स्थळाचे दार आपण बंद केले, त्याच्या खिडकीतले चित्र गूगलच्या पानावर दिसू शकते. पत्तेवहीच्या लेखी ते सभ्य घरच असते.

तिथे तिसरी चाळणी लागते, म्हणजे शोधयंत्राची स्वतःची. गूगलमध्ये तिला सेफसर्च म्हणतात. ती चित्र आणि मजकूर दोन्ही पारखते. google.com/safesearch हे पान उघडले की Filter, Blur आणि Off असे तीन पर्याय दिसतात. पुष्कळ पालक Blur पाहून निश्चिंत होतात. पण Blur फक्त चित्र धूसर करते. मजकूर आणि दुवे तसेच राहू शकतात. मुलांसाठी हवे ते Filter. मूल ते बदलू शकणार नाही याची व्यवस्था फॅमिली लिंक या ॲपने पालकाच्या खात्यातून करता येते. वर सांगितलेली कुटुंबवहीही गूगलला सेफसर्च चालू ठेवायला भाग पाडते. हे खरोखर घडले का, हे पाहण्याची रीत सोपी आहे. मुलाचा मोबाइल घ्यावा, वायफाय बंद करावे आणि तेच पान उघडावे. तिथे कुलुपाचे चिन्ह दिसले तर समजावे की कडी लागली. आपल्या मोबाइलवर पाहून उपयोग नाही.

एवढे सगळे पालकांनीच का करायचे, सरकार काय करते, असे दादाने मला विचारले. प्रश्न रास्त आहे. ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांच्या समाजमाध्यमांवरच्या खात्यांना बंदी आली. आपल्याकडे २०२३ साली वैयक्तिक विदासंरक्षणाचा कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांच्या संमतीची अट त्यात आहे. पण हे दोन्ही उपाय खाते आणि माहिती यांभोवती फिरतात. शोधाच्या चौकटीत चार शब्द लिहायला खाते लागत नाही. मुलाच्या प्रश्नाला कोणते उत्तर समोर यावे, हे संमतीचा कायदा ठरवत नाही. ते काम घरात आणि शाळेतच व्हायचे आहे.

आता सुरक्षिततेपलीकडची गोष्ट. ते ॲप काढून, उरलेल्या दोन्ही चाळण्या नीट बसवून पुतणीने पुन्हा 'गांडूळ खत' शोधले. आता काहीच अडले नाही. पण वर काय आले? खताच्या पिशव्यांच्या जाहिराती आणि घरबसल्या लाखो कमवा सांगणारे व्हिडिओ. सेफसर्चच्या दृष्टीने हे सारे स्वच्छच. अश्लीलता आणि भीषण हिंसा हे तिचे क्षेत्र. खरे-खोटे किंवा दहा वर्षांच्या मुलीला कळेल-न कळेल, हे ती पाहत नाही.

लहान मुलांसाठी म्हणूनच चाळणीपेक्षा निवडलेले कपाट बरे. जर्मनीत १९९७ साली मुलांसाठी एक शोधयंत्र सुरू झाले. त्याचे नाव 'ब्लिंडे कू', म्हणजे आपली आंधळी कोशिंबीर. संपादकांनी पाहून निवडलेली पानेच त्यात ठेवायची, ही त्याची पद्धत. तसे कपाट घरीही करता येते. शोधशब्दापुढे एका स्थळाचे नाव जोडले की शोध त्या स्थळापुरताच होतो:

```
गांडूळ site:marathivishwakosh.org
गांडूळ site:mr.wikipedia.org
```

पहिली ओळ मराठी विश्वकोशात शोधते, दुसरी मराठी विकिपीडियात. site नंतरच्या दोन टिंबांपुढे जागा सोडायची नाही. विश्वकोशाची भाषा पाचवीला जड जाते, त्यामुळे शेजारी बसून एक परिच्छेद सोपा करून सांगावा लागला. विकिपीडिया कोणीही संपादित करू शकतो, म्हणून तिथले वाक्य दुसरीकडे ताडून पाहायचे, हेही तिला सांगितले. शिवाय मराठीची एक गोम आहे. 'गांडूळ खत' आणि 'गांडूळखत', 'गांडूळ' आणि 'गांडुळ' यांना यंत्र कधी एकच मानते, कधी नाही. काही मिळाले नाही तर ऱ्हस्व-दीर्घ बदलून आणि शब्द जोडून-तोडून पाहावे.

मग आम्ही प्रश्न बारीक केला. 'गांडूळ खत' ऐवजी 'गांडूळ खत सावली ओलावा किती दिवस' असे लिहिले. एका विक्रेत्याच्या पानावर पंधरा दिवसांत खत तयार होते असे होते, तर दुसरीकडे दोन महिने सांगितले होते. पुतणी म्हणाली, "काका, यातलं खरं कोणतं?" मी म्हटले, "पंधरा दिवस सांगणारा काय विकतोय ते बघ." तिने पाहिले, ती हसली आणि वहीत दोन महिने लिहिले.

पण खरे काम त्याआधीच झाले होते. पहिल्या दिवशी तिला समोर बसवून मी सांगितले की चूक तुझी नव्हती, यंत्राची होती. हे सांगणे फार आवश्यक होते. आज तिला गांडुळाविषयी विचारायचे आहे. दोन-तीन वर्षांनी स्वतःच्या शरीराविषयी विचारायचे असेल. त्या वयात 'अयोग्य शब्द' अशी लाल पाटी पुन्हा दिसली तर ती घरी विचारणार नाही, चाळणी नसलेल्या मैत्रिणीच्या मोबाइलवर विचारील. म्हणून आमच्या घरात आता एक नियम आहे. पडदा अडला तर मोबाइल घेऊन मोठ्यांकडे यायचे. मोठ्यांनी आधी शब्द वाचायचा, मग बोलायचे. कोणतीही चाळणी कधीतरी चुकणारच. वाईट काही दिसले तरी हाच नियम, आणि सांगितले म्हणून मोबाइल काढून घ्यायचा नाही. ही शेवटची अट दादाला मान्य करायला दोन दिवस लागले.

परवा ती धावत आली. म्हणाली, "काका, गांडुळाला डोळेच नसतात, तरी त्याला उजेड कळतो. कसा?" मी म्हटले, "शोध की." ती मोबाइल घेऊन माझ्या शेजारीच बसली.